संज्ञा आधी सांगाव्यात की ओघात?

तांत्रिक विषयावरच्या भाषणात अनोळखी संज्ञा समजावून सांगण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिल्या रीतीत वक्ता सुरुवातीलाच सगळ्या संज्ञा आणि त्यांचे अर्थ एका स्लाइडवर मांडतो आणि मग विषयाला हात घालतो. दुसऱ्या रीतीत अशी यादी नसते. संज्ञा जिथे पहिल्यांदा येते तिथेच, बोलण्याच्या ओघात, तिचा अर्थ सांगितला जातो. छापील पुस्तकात या दोन रीतींचे फारसे वाकडे नसते, कारण वाचक केव्हाही पाने उलटून शेवटच्या शब्दसूचीकडे जाऊ शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. स्लाइड पुढे सरकली की ती त्याच्यापुरती संपली. ती पुन्हा केव्हा दिसणार, हे वक्ता ठरवतो. निवडीचा प्रश्न या एका फरकातून उभा राहतो.

ऐकलेली नवी गोष्ट तात्पुरती मनात धरून ठेवण्याची माणसाची जागा लहान आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ही मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन ती चारच्या आसपास आणली. हे आकडे बहुतांशी सुटे अंक, अक्षरे किंवा ओळखीचे शब्द यांच्यावरच्या प्रयोगांतून आलेले आहेत. संज्ञेची व्याख्या त्याहून जड असते. तिच्यात शब्द नवा असतो, कल्पना नवी असते आणि दोघांची जोडीही नव्याने लावायची असते. अशा नऊ जोड्या एका दमात ऐकवल्या, तर त्यातल्या बहुतेक पुढची स्लाइड येण्यापूर्वीच निसटतात.

एक भाषण, नऊ संज्ञा

हे प्रत्यक्षात कसे घडते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तिथे आहेत. त्यातल्या 14 मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत आणि उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन डिशमधले अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. दर फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुले, शिक्षक, आसपासचे शेतकरी ते पाहायला येतात. अशा श्रोत्यांपुढे ही दुर्बीण काय करते, हे 20 मिनिटांत सांगायचे आहे असे धरून चालू.

भाषणाचा पहिला मसुदा केला की त्यात साधारण नऊ संज्ञा येतात: तरंगलांबी, वारंवारता, विभेदनक्षमता, बेसलाइन, इंटरफेरोमेट्री, कोरिलेटर, न्यूट्रॉन तारा, पल्सर आणि रेडिओ व्यत्यय. शब्दसूचीची स्लाइड केली तर प्रत्येक संज्ञेला सुमारे 12 शब्द, म्हणजे शंभराहून अधिक शब्द एका पडद्यावर येतील. ते नुसते वाचून दाखवायलाही मिनिटभर लागेल. प्रत्येकाचे थोडे स्पष्टीकरण करत गेले तर तीन मिनिटे सहज जातील. भाषणाचा सातवा हिस्सा असा खर्च होईल आणि तोही अशा वेळी, जेव्हा यातली एकही संज्ञा कशासाठी हवी आहे हे श्रोत्याला माहीत नसते.

दुसरी अडचण अंतराची आहे. पल्सरचा विषय या भाषणात चौदाव्या मिनिटाला निघतो. शब्दसूची दुसऱ्या मिनिटाला दाखवली असेल, तर व्याख्या आणि वापर यांच्यात 12 मिनिटे पडतात. मधल्या वेळात डिशचा आकार, त्यांची मांडणी, त्यांच्या जोडणीचे तत्त्व असे बरेच काही येऊन गेलेले असते. चौदाव्या मिनिटाला वक्ता ‘पल्सर’ म्हणतो तेव्हा श्रोत्याला फार तर एवढे आठवते की हा शब्द मघाशी कुठेतरी दिसला होता. त्यामुळे वक्त्याला व्याख्या पुन्हा सांगावी लागते, म्हणजे आधीच्या स्लाइडवरचा वेळ वाया गेलेला असतो. किंवा, याहून वाईट, आपण ती एकदा सांगितली आहे अशा समजुतीने तो तशीच पुढे जातो.

व्याख्येआधी काटछाट

म्हणून सूची की ओघ हे ठरवण्याआधी एक काम करावे लागते. मसुद्यातल्या प्रत्येक संज्ञेपुढे तीन गोष्टी लिहायच्या: ती पहिल्यांदा कोणत्या मिनिटाला येते, एकूण किती वेळा येते आणि ती समजण्यासाठी आधी दुसरी कोणती संज्ञा कळलेली असावी लागते. खोडदच्या भाषणाला ही चाळणी लावली तर यादी झपाट्याने आटते.

कोरिलेटर हा शब्द एकदाच येतो. सगळ्या डिशकडून आलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहणारी ती यंत्रणा आहे. ‘नियंत्रण केंद्रातली संगणक यंत्रणा हे सगळे संकेत एकत्र जुळवते’ असे म्हटले की काम भागते आणि नाव लागतच नाही. बेसलाइन म्हणजे दोन डिशमधले अंतर. श्रोत्यांसाठी ‘दोन डिशमधले अंतर’ हेच शब्द जास्त चांगले आहेत, कारण त्यांचा अर्थ त्यांच्यातच आहे. वारंवारता आणि तरंगलांबी ही एकाच लहरीची दोन मापे आहेत. एक कळले की दुसरे गणिताने काढता येते. या भाषणात डिशच्या आकाराची तुलना लहरीच्या लांबीशी करायची आहे, तेव्हा तरंगलांबी ठेवून वारंवारता गाळता येते. हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या लहरीची लांबी 21 सेंटिमीटर आहे, हे सांगितले की वीतभर पट्टी डोळ्यांपुढे येते. 1420 मेगाहर्ट्झ म्हटल्याने काहीच दिसत नाही. रेडिओ व्यत्यय ही संज्ञाही सोडता येते. मोबाइलच्या लहरी आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींना झाकून टाकतात, हे वाक्य पुरेसे आहे.

नऊपैकी चार संज्ञा अशा गळल्या. उरल्या पाच: तरंगलांबी, विभेदनक्षमता, इंटरफेरोमेट्री, न्यूट्रॉन तारा आणि पल्सर. यातल्या इंटरफेरोमेट्रीचा वापर फार नाही, तरी ती ठेवण्याला कारण आहे. प्रदर्शनातल्या फलकांवर आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत हे नाव श्रोत्याला पुन्हा भेटणार असते. नाव शिकवण्यात अर्थ आहे तो इथेच: एकतर ते भाषणात वारंवार लागते, नाहीतर श्रोत्याला भाषणानंतर लागणार असते.

काटछाटीवर एवढा भर देण्यामागे प्रयोगाचाही आधार आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील हिलरी शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंचलित मोटारी, रोबोटच्या साह्याने होणारी शस्त्रक्रिया आणि त्रिमितीय जैवछपाई या विषयांवरचे उतारे लोकांना वाचायला दिले होते. काहींच्या उताऱ्यात जड संज्ञा होत्या, काहींच्या उताऱ्यात त्याच गोष्टी साध्या शब्दांत होत्या. संज्ञा असलेला उतारा वाचणाऱ्यांना तो वाचायला अवघड गेला आणि विषयातला त्यांचा रसही कमी राहिला. त्यांच्यापैकी काहींना माउस शब्दावर नेताच व्याख्या दिसण्याची सोय होती, पण त्या सोयीने हा परिणाम पुसला गेला नाही. हा प्रयोग वाचनावरचा आहे, भाषणावरचा नाही. तरीही व्याख्या जोडली की संज्ञेचा जडपणा आपोआप उतरतो, ही समजूत त्याने डळमळीत केली आहे.

ओघातली व्याख्या कशी करावी

उरलेल्या पाच संज्ञा या भाषणात वेगवेगळ्या जागी येतात. तरंगलांबी दुसऱ्या मिनिटाला, विभेदनक्षमता सहाव्या, इंटरफेरोमेट्री नवव्या, न्यूट्रॉन तारा आणि पल्सर चौदाव्या. प्रत्येकीला तिच्या जागीच समजावणे इथे योग्य ठरते. पण ओघातली व्याख्याही बिघडू शकते आणि ती बहुधा एकाच प्रकारे बिघडते. नमुन्यादाखल हे वाक्य पाहावे:

‘पल्सर, म्हणजे चुंबकीय अक्षाच्या दिशेने विद्युतचुंबकीय प्रारण उत्सर्जित करणारे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे, जे अतिनवताऱ्याच्या स्फोटानंतर तयार होतात, त्यांचा अभ्यास जीएमआरटी करते.’

वाक्य चुकीचे नाही, पण एका संज्ञेच्या पोटात आणखी चार संज्ञा आहेत. शिवाय सुरुवातीचा शब्द आणि क्रियापद यांच्यामध्ये व्याख्या शिरल्यामुळे श्रोत्याला मूळ वाक्य अर्धवट धरून ठेवावे लागते. वाचणारा मागे जाऊन वाक्याची सुरुवात पुन्हा पाहू शकतो. ऐकणाऱ्याचा धागा तुटतो तो तुटतोच.

यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. आधी वस्तू दाखवायची, मग तिचे नाव सांगायचे. तोच मजकूर असा होतो: ‘सूर्याहून कितीतरी मोठा तारा स्फोट होऊन संपतो, तेव्हा कधी कधी त्याचा गाभा मागे उरतो. सूर्याहून अधिक वस्तुमान, पण आकार जेमतेम 20 ते 25 किलोमीटरचा. याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. असे काही तारे भोवऱ्यासारखे फिरतात आणि त्यांच्यातून रेडिओ लहरींचा झोत बाहेर पडतो. तारा फिरतो तसा झोतही फिरतो आणि दर फेरीला पृथ्वीवरून जातो. आपल्याला ठरावीक अंतराने ठोके ऐकू येतात. अशा ताऱ्याला पल्सर म्हणतात.’ यानंतर लगेच नाव पुन्हा वापरायचे: ‘पहिला पल्सर 1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीच्या लक्षात आला. त्याचे ठोके दर 1.337 सेकंदांनी येत होते.’

इथे शब्द जास्त लागले, पण एकही वाक्य डोक्यात अडकून राहत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याची ओळख पल्सरच्या आधी झाली, कारण दुसरी संज्ञा पहिलीवर उभी आहे. काटछाटीच्या वेळी लिहून काढलेला तिसरा रकाना इथे उपयोगी पडतो. आणि नाव उच्चारले जाते त्याच क्षणी ते पडद्यावर, चित्रातल्या ताऱ्याशेजारी, ठळक अक्षरांत उमटले पाहिजे. शब्द आणि तो ज्याचे नाव आहे ते चित्र एकाच वेळी, एकाच जागी दिसले तर शिकणे सोपे जाते, हे रिचर्ड मेयर या शिक्षण-मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी दाखवले आहे. शब्दसूचीच्या स्लाइडवर नेमके उलटे घडते. तिथे नाव आधी येते आणि चित्र बाराव्या स्लाइडवर.

एकदा सांगितलेली संज्ञा बऱ्याच वेळाने परत येते तेव्हा पूर्ण व्याख्या नको असते, दोन-तीन शब्दांची आठवण पुरते. ‘ते फिरणारे तारे, पल्सर’ एवढे म्हणायला दोन सेकंद लागतात आणि मधल्या काळात ज्याचे लक्ष उडाले होते तोही परत येतो. मात्र एका वस्तूला एकच नाव ठेवण्याचे पथ्य पाळावे लागते. वक्ता कधी डिश, कधी अँटेना, कधी दुर्बीण म्हणू लागला, तर या तीन निराळ्या वस्तू आहेत असेच नवखा श्रोता धरून चालतो. खोडदच्या बाबतीत तर हा घोटाळा अधिकच होतो, कारण 30 डिश मिळून एक दुर्बीण आहे.

ओघातल्या रीतीला एक अपवाद सहज नजरेतून सुटतो. भाषणाचे शीर्षकच ‘पल्सरच्या शोधात’ असेल, तर संज्ञेची पहिली जागा चौदावे मिनिट राहत नाही. ती निमंत्रणपत्रिकेतच येऊन गेलेली असते. अशा वेळी पहिल्याच मिनिटाला एका वाक्याची कामचलाऊ ओळख द्यावी आणि पूर्ण उलगडा पुढे तिच्या जागी करावा.

शब्दसूची कोठे जिंकते

शब्दसूचीची बाजू पोकळ आहे असे मात्र नाही. मेयर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मोटारीच्या ब्रेकवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना ब्रेकच्या प्रत्येक भागाचे नाव आणि तो भाग कोणकोणत्या स्थितीत असू शकतो हे आधी शिकवले आणि मग ब्रेक कसा लागतो याचे चलच्चित्र दाखवले. इतरांना थेट चलच्चित्र दाखवले. ज्यांना नावे आधी शिकवली होती त्यांना नंतरचे नवे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले. कारण उघड आहे. ब्रेकचे सगळे भाग पहिल्या सेकंदापासून एकदम हलतात. एकेक भाग त्याच्या जागी समजावायला तिथे उसंतच नसते.

खोडदच्याच विषयात अशी परिस्थिती येऊ शकते. समजा, तेच वक्ते विज्ञान शिक्षकांसाठी दीड तासाचा वर्ग घेत आहेत आणि सगळा वर्ग एका संबंधाभोवती फिरणार आहे: दुर्बिणीला दिसणारा सर्वांत लहान कोन हा तरंगलांबी भागिले व्यास यावर ठरतो. यात तरंगलांबी, व्यास आणि विभेदनक्षमता या तिन्ही संज्ञा पहिल्याच वाक्यात एकत्र येतात आणि शेवटपर्यंत सुटत नाहीत. एकीशिवाय दुसरी सांगता येत नाही. इथे आधी थांबून तिन्ही पक्क्या करणे योग्य. 21 सेंटिमीटरची लहर आणि 45 मीटरची एक डिश घेतली, तर त्या डिशला चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. व्यासाच्या जागी 25 किलोमीटरचे अंतर घातले की तोच तपशील दोन विकलांपर्यंत, म्हणजे एका अंशाच्या सुमारे अठराशेव्या भागापर्यंत उतरतो. हे उदाहरण करून दाखवायला तीन-चार मिनिटे लागतात आणि ती पुढच्या दीड तासात वसूल होतात.

अशी स्लाइड दिसायला मात्र यादीसारखी नसते. तिच्यावर एक डिश, तिच्याकडे येणारी लहर आणि आकाशातला एक लहान कोन एवढे चित्र असते आणि त्यावर तीन नावे. ती वाचून दाखवून सोडायची नसते, शिकवायची असते. थोडक्यात, आगाऊ स्लाइडला तीन अटी लागू पडतात: संज्ञा तीन-चारहून जास्त नसाव्यात, त्या एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात आणि स्लाइड संपताच त्यांचा वापर सुरू व्हावा. तिन्ही अटी पुऱ्या होत नसतील, तर ओघातली व्याख्याच बरी.

मिश्र श्रोते आणि कागदावरची सूची

श्रोत्यांत निम्मे जाणकार आणि निम्मे नवखे असले, तर वक्त्यांचा कल सुरुवातीच्या सूचीकडे जातो. नवख्यांची सोय एकदाच करून टाकावी, हा हेतू असतो. प्रत्यक्षात यात दोघांचेही नुकसान होते. जाणकारांना तीन मिनिटे रिकामे बसावे लागते आणि नवख्यांना सूची लक्षात राहत नाही. ओघातली सात-आठ शब्दांची ओळख जाणकाराला जवळपास जाणवतही नाही. तिचा त्याला कंटाळा येण्याआधी ती संपलेली असते.

मोठी शब्दसूची खरोखरच लागते तेव्हा तिची जागा कागदावर आहे. भाषणाआधी वाटलेले एक पान श्रोत्याच्या मांडीवर असते. हवे तेव्हा त्यात पाहता येते आणि हरवलेली पाने उलटण्याची सोय त्याला परत मिळते. ऑनलाइन भाषणात हेच पान सुरुवातीला चॅटमध्ये टाकता येते. सभागृहात श्रोते मोबाइल काढून शब्दसूचीचे फोटो घेऊ लागले, तर ते या कागदाचीच मागणी करत असतात. यांखेरीज सूचीची एक स्लाइड आभाराच्या स्लाइडनंतर राखून ठेवता येते. प्रश्नोत्तरांत कोणी संज्ञा विचारली की पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबावे, थेट ती स्लाइड येते.

निवड बरोबर झाली की नाही, हे भाषणाआधी तपासता येते. अपेक्षित श्रोत्यांसारख्याच एखाद्या माणसापुढे, म्हणजे इथे नववीतल्या मुलापुढे किंवा गावातल्या शेतकऱ्यापुढे, संपूर्ण भाषण करावे आणि शब्द अनोळखी वाटला की बोट वर करायला सांगावे. प्रत्येक बोटाचे मिनिट टिपून ठेवावे. पहिल्यांदा आलेल्या शब्दावर बोट वर झाले, तर तिथे व्याख्या राहून गेली आहे. आधी समजावलेल्या शब्दावर वर झाले, तर व्याख्या वापरापासून फार लांब पडली आहे आणि ती जवळ आणायला हवी. पहिल्या दोन मिनिटांत एकाच वेळी तीन-चार शब्दांवर बोटे अडली आणि ते शब्द वेगळे काढता येत नसतील, तरच आगाऊ स्लाइड करावी. बाकी सर्व वेळी संज्ञा गाळता येईल तर गाळावी, न गाळता येईल तर तिच्या जागीच समजवावी आणि उरलेली सूची कागदावर छापून श्रोत्यांच्या हातात द्यावी.